हिंदीतून आलेली जाहिरात मराठीत तपासायची कशी : एका चहाच्या जाहिरातीवरून

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक मराठी जाहिराती मुळात हिंदीत लिहिलेल्या असतात. अनुवाद हाती आला की तपासणारा हिंदी आणि मराठी मजकूर शेजारी ठेवतो, शब्दाला शब्द जुळतोय ना ते बघतो, शुद्धलेखन सुधारतो आणि पुढे पाठवतो. नेमकं इथेच चुकतं. शब्दाला शब्द जुळणं हा बऱ्याचदा दोषच असतो आणि शेजारी ठेवून वाचलं की तो दिसत नाही, कारण डोळ्यासमोरची हिंदी मराठीतल्या सगळ्या फटी भरून काढते. म्हणून या कामात टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

तो दाखवण्यासाठी मी तीस सेकंदांच्या जाहिरातीचा एक नमुना रचला आहे. मुलगी बघायला पाहुणे आलेत. मूळ हिंदी अशी:

वर के पिता: बेटी, चाय तुमने बनाई है?
लड़की: जी नहीं, पापा ने।
वर के पिता: तो फिर रिश्ता पापा से ही पक्का!
निवेदक: कड़क स्वाद, हर घूँट में अपनापन। जहाँ चाय, वहाँ राह।

आणि हाती आलेली मराठी अशी:

मुलाचे वडील: बेटी, चहा तुम्ही बनवली आहे?
मुलगी: जी नाही, पप्पांनी.
मुलाचे वडील: तर मग नातं पप्पांशीच पक्कं!
निवेदक: कडक स्वाद, प्रत्येक घोटात आपलेपण. जिथे चहा, तिथे मार्ग.

## १. वाचण्याआधी काय मागून घ्यायचं

नुसती संहिता घेऊन बसू नका. चित्रफीत मागा. चित्रीकरण झालं नसेल तर दृश्यांची रेखाटनं मागा. वेष्टनाचा फोटो मागा आणि प्रत्येक ओळीला किती सेकंद मिळणार आहेत तेही विचारून घ्या. आमच्या नमुन्यात दोन गोष्टी फितीतूनच कळल्या. ताटात समोसे आणि बर्फी आहे, आणि ‘पापा ने’ म्हणताना मुलीचा चेहरा पडदाभर दिसतो. पुढचे दोन निर्णय याच दोन गोष्टींवर ठरले.

त्यानंतर ज्याने मूळ लिहिलं त्याला, किंवा एजन्सीतल्या माणसाला, एकच प्रश्न विचारा: लोक कुठे हसायला हवेत आणि कशामुळे? उत्तर एका वाक्यात लिहून घ्या. इथे उत्तर दुहेरी होतं. एक, सोयरीक मुलीऐवजी तिच्या वडिलांशी जुळते. दोन, ‘जहाँ चाह, वहाँ राह’ या म्हणीत ‘चाह’च्या जागी ‘चाय’ बसवली आहे.

तपासा: जाहिरात कोणत्या तारखांना लागणार आहे ते लिहून घेतलं का? सहाव्या टप्प्यात त्याची गरज पडेल.

## २. हिंदी झाकून एकदा मोठ्याने वाचा

ही संधी एकदाच मिळते. मूळ मजकूर एकदा वाचला की मराठी ‘नुसती’ ऐकता येत नाही. म्हणून मूळ अजून वाचलं नसेल तर आधी मराठी मोठ्याने वाचा. वाचलं असेल तर अशा एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या ज्याने ते पाहिलेलं नाही, आणि तुम्ही ऐका.

या फेरीत काहीही दुरुस्त करायचं नाही. जीभ जिथे अडखळते तिथे फक्त पेन्सिलीने खूण करायची. जिथे ‘असं कोण बोलतं?’ वाटतं तिथे दुसरी, आणि जिथे हसू यायला हवं पण येत नाही तिथे तिसरी. आमच्या नमुन्यात ‘चहा बनवली’, ‘जी नाही’, ‘नातं पक्कं’ आणि शेवटच्या ओळीवर खुणा पडल्या. ‘तिथे मार्ग’ ऐकून वाचणारीने विचारलं, “कुठला मार्ग? दुकान दाखवतायत का?” हे वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवा. क्लायंटला समजावताना ते तुमच्या दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडतं.

सावध: या फेरीत दुरुस्ती करायला लागलात तर पहिल्याच चुकीत अडकाल आणि पुढची वाक्यं कानावर पडायची राहतील.

## ३. शब्दशः उतरलेलं शोधा

आता हिंदी उघडा. हिंदी आणि मराठीची लिपी एक आणि बरेच शब्दही सारखे. त्यामुळे इथले दोष परके वाटत नाहीत, मराठीचा वेष घालून बसलेले असतात. मी ते चार ठिकाणी शोधतो.

लिंग. हिंदीत चाय स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी. ‘आवाज’ आणि ‘सुगंध’ हेही हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, आपल्याकडे पुल्लिंगी. साबणाच्या जाहिरातीत ‘ताजी सुगंध’ दिसली की समजा, क्रियापदं आणि विशेषणं हिंदीतून सरळ उचलली आहेत. अशा वेळी एकच शब्द सुधारून थांबू नका, प्रत्येक नामाचं विशेषण आणि क्रियापद तपासा.

क्रियापद. मराठीत चहा करतात किंवा टाकतात. ‘चहा बनवला’ आता बोलण्यात रुळत चाललंय हे मान्य, पण जाहिरातीत ते जपून वापरावं, कारण ‘बनवणं’ म्हणजे फसवणंही. मुलगी बघायला आलेल्या माणसाच्या तोंडी ‘तुम्ही बनवली’ आलं तर नको तो अर्थ डोकावतो. याच जातीची आणखी काही वाक्यं रोज भेटतात. ‘माझी मदत करा’ नाही, ‘मला मदत करा’. ‘आजच आजमावा’ नाही, ‘आजच वापरून बघा’. ‘सुट्टीचा मजा घ्या’ नाही, ‘सुट्टीत मजा करा’.

सारखा शब्द, वेगळा अर्थ. सगळ्यात धोका इथेच आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. बचत योजनेच्या जाहिरातीत ‘बच्चों की शिक्षा के लिए’चं ‘मुलांच्या शिक्षेसाठी’ झालं, तर आईबाप मुलांना शिक्षा करायला पैसे साठवतायत असा अर्थ होतो. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे टिंगल. ‘खाली’ हिंदीत रिकामं, आपल्याकडे तळाशी. ‘संसार’ हिंदीत जग, आपल्याकडे नवराबायकोचं घर. शुद्धलेखन तपासणारी कुठलीही यादी हे पकडणार नाही, कारण शब्द शुद्धच आहे.

संबोधन. हिंदीतल्या ‘आप’चं ‘आपण’ करण्याची सवय आहे. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा मिळूनही होतो. ‘आपण आजच खरेदी करा’ हे वाक्य पत्रकासारखं लागतं, तर ‘आपण आजच खरेदी करू’ म्हटलं की दुकानदारही सोबत निघाल्यासारखा वाटतो. बहुतेक ठिकाणी ‘तुम्ही’ पुरतं. घरगुती वस्तूंना तर तेच शोभतं. नमुन्यात गोष्ट उलटी झाली आहे. ‘तुमने’ हा हिंदीत जवळिकीचा शब्द, त्याचं ‘तुम्ही’ केलं आणि अंतर वाढलं. मुलाचे वडील कौतुकाने विचारतात तेव्हा ‘तू’ आणि ‘गं’ येतं. ‘बेटी’ जाऊन ‘बाळ’ येतं. ‘जी’ला मराठीत त्याच जागी बसणारा शब्द नाही, ते काम ‘हो’ करतं: ‘नाही हो.’

तपासा: हे वाक्य हिंदीत परत नेलं तर एकही शब्द न हलवता बसतं का? बसत असेल तर ते मराठीत लिहिलेलं नाही, लिप्यंतर झालेलं आहे. ते पुन्हा लिहा.

## ४. विनोद कुठे गेला ते शोधा

इथे वेळ द्या. विनोद दोन प्रकारचा असतो. एक प्रसंगात असतो, दुसरा शब्दात. प्रसंगातला विनोद भाषा ओलांडतो, फक्त त्याला इथला शब्द लागतो. शब्दातला विनोद ओलांडत नाही. तो सोडून दुसरा रचावा लागतो.

नमुन्यातला पहिला विनोद प्रसंगातला आहे. तो मेला तो ‘नातं पक्कं’मुळे. मराठीत लग्न ‘ठरतं’, सोयरीक ‘जुळते’ आणि मुलगी ‘पसंत’ असते. बघण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांचे कान ‘पसंत’ या एकाच शब्दाकडे लागलेले असतात. म्हणून ओळ झाली: ‘मग आम्हाला बाबा पसंत आहेत!’ इथे नवीन काही सुचवावं लागलं नाही. प्रसंगात लोक जो शब्द वापरतात तो ठेवला आणि विनोद परत आला.

दुसरा विनोद कोटीचा. ‘इच्छा तिथे मार्ग’ ही आपली म्हण आहेच, पण ‘इच्छा’ आणि ‘चहा’ यांचा उच्चार कुठे जुळत नाही, त्यामुळे कोटी उभीच राहत नाही. अशा वेळी अनुवादक म्हणीचा सांगाडा ठेवतो आणि एक शब्द बदलतो. ऐकणाऱ्याला ना म्हण आठवते ना विनोद कळतो. सांगाडा सोडा. कोटीने मूळ जाहिरातीत काय साधलं होतं ते विचारा. इथे तिने चहाला प्रसंगाच्या मध्यावर आणून बसवलं होतं: चहा आला की पुढचं सुरळीत.

मग त्या प्रसंगातले मराठी शब्द कागदावर काढा: पसंती, पत्रिका, देणंघेणं, पोहे, बोलणी. पोहे आधी मोहात पाडतात, ‘पोहे राहू देत, चहा टाका’ ही ओळ सुचतेही. पण ताटात समोसे आहेत. पोहे म्हणावं आणि समोसा दिसावा, हे चालणार नाही. ‘चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो’ हे कुणीतरी सुचवेलच. ते इतक्या टपऱ्यांवर लिहिलेलं आहे की ओळ लक्षात राहील, ब्रँड राहणार नाही.

उरली ‘बोलणी’. या शब्दाला दोन तोंडं आहेत: लग्नाची बोलणी होतात आणि उशीर झाला की बोलणी खावी लागतात. ‘बोलणी नंतर. आधी चहा.’ या जाहिरातीत पहिला अर्थ लागतो. मालिकेतली पुढची जाहिरात कचेरीत साहेब झापतायत अशी असेल तर दुसरा लागेल. मूळ कोटीशी हिचा एकही शब्द जुळत नाही, पण काम तेच करते. मालिका असेल तर अशी ओळ सगळ्या भागांवर ठेवून बघा. एकाच भागात चालणारी कोटी पुढच्या महिन्यात अडचण करते.

सावध: मूळ जाहिरातीत नोकर किंवा भोळा माणूस भोजपुरी ढंगात बोलत असेल, तर मराठीत त्याच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालू नका. ती ज्यांच्या घरची भाषा आहे ते याच मालाचे गिऱ्हाईक आहेत, आणि त्यांना ते लागतं. हसू पात्राच्या वागण्यातून येऊ द्या.

## ५. नाती, जेवण, घर

‘अपनापन’ हा हिंदी जाहिरातींचा लाडका शब्द. ‘आपलेपण’ त्याच अर्थाचा आहे, पण चहाच्या घोटाबरोबर तो जात नाही. आपल्याकडे आपुलकी बोलून दाखवत नाहीत, आग्रह करतात. ‘घोटभर तरी घ्या’ म्हटल्याशिवाय पाहुण्याला कुणी सोडत नाही. म्हणून ‘हर घूँट में अपनापन’चं झालं ‘घोटभर तरी घ्याच!’ भावना तीच, रीत इथली.

नात्यांच्या शब्दांत ‘दादा’ आणि ‘ताई’ हमखास फसवतात. हिंदीत दादा म्हणजे आजोबा, ताई म्हणजे मोठी काकू. आपल्याकडे दोघं भावंडं. चित्रात पांढऱ्या केसांचा माणूस आणि आवाजात ‘दादा’ असं पाहिलं की प्रेक्षक वस्तू विसरतो आणि नातं लावत बसतो. ‘समधी’ म्हणजे व्याही, पण लग्न ठरायच्या आधी कुणी व्याही नसतो. म्हणून आमच्या संहितेत तो शब्द नाही.

जे चित्रात आहे ते बदलता येत नसेल तर शब्दांनी त्याकडे बोट दाखवू नका. भांगात सिंदूर, डोक्यावर पदर, घोड्यावर सेहरा बांधलेला नवरा दिसतोय तर राहू दे. पण त्यावर ‘आपल्या घरासारखंच’ अशी ओळ ठेवू नका. प्रेक्षक दुसऱ्या प्रांतातलं घर म्हणून ते मान्य करतो, आपलं म्हणून नाही.

## ६. पंचांग

सणाची जाहिरात असेल तर हा टप्पा वगळू नका. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. ‘सावन आ गया’चं ‘श्रावण आला’ करून त्याच तारखेला लावलं तर आपल्याकडे आषाढ चालू असतो. उपासाच्या पदार्थांची जाहिरात अशी लागली तर ती सरळ चुकीची माहिती होते.

ऋतूचंही तसंच. ‘सावन की पहली बारिश और चाय’ याला ‘श्रावणातला पहिला पाऊस’ म्हणता येत नाही. आपल्या मनातला पहिला पाऊस मृगाचा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला. श्रावण म्हणजे ऊन-पावसाचा खेळ. जाहिरात जूनमध्ये लागणार असेल तर मृग म्हणा, ऑगस्टमध्ये लागणार असेल तर पहिला पाऊस विसरा आणि सरीवर लिहा.

होळीला कपड्यांवर रंग पडलेले दाखवणारी साबणाची जाहिरात आली तर विचारा, रंग कोणत्या दिवशी? महाराष्ट्रात पौर्णिमेला होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि पंचमीला रंगपंचमी. रंग कुठे धुळवडीला खेळतात, कुठे पंचमीला. पंचमीला खेळणाऱ्या भागात जाहिरात आणखी चार दिवस चालू ठेवता येते, हे माध्यमांचं नियोजन करणाऱ्याला आवर्जून सांगा. ‘छोटी दिवाली’ची ‘छोटी दिवाळी’ करू नका. तो नरकचतुर्दशीचा दिवस, पहाटेच्या अभ्यंगस्नानाचा. करवा चौथची जाहिरात वटपौर्णिमेवर नेताना चंद्र आणि चाळण तिथेच सोडावी लागते आणि तारीखही बदलते, म्हणजे ती नवीन जाहिरातच होते. तसं सांगा आणि त्याप्रमाणे वेळ मागा.

## ७. वेळ आणि ओठ मोजा

आता नवी संहिता ओळीच्या वेळेवर ठेवा. अक्षरं मोजली तरी अंदाज येतो. ‘जहाँ चाय, वहाँ राह’ आठ अक्षरांची, ‘बोलणी नंतर. आधी चहा.’ दहांची. जागा दोन सेकंदांची होती, बसते.

चेहरा जवळून दिसतो तिथे ओठ मिटणारी अक्षरं बघा: प, फ, ब, भ, म. ‘जी नहीं, पापा ने’ आणि ‘नाही हो, बाबांनी’ यांत ओठ एकाच जागी मिटतात आणि अक्षरंही सहाला सहा आहेत. ‘बाबांनी केलाय’ जास्त मराठमोळं होतं. पण तोंड मिटल्यावर ‘केलाय’ ऐकू आलं असतं, म्हणून ते सोडलं.

तयार झालेली संहिता:

मुलाचे वडील: चहा तू केलास का गं, बाळ?
मुलगी: नाही हो, बाबांनी.
मुलाचे वडील: मग आम्हाला बाबा पसंत आहेत!
निवेदक: कडक चव. घोटभर तरी घ्याच! बोलणी नंतर. आधी चहा.

तपासा: जाहिरातीत दावा असेल आणि त्याखाली बारीक अक्षरांत अट असेल, तर तीही मराठीत आहे का? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अट दाव्याच्याच भाषेत हवी. आवाज मराठी आणि खालची पट्टी हिंदी किंवा इंग्रजी, ही चूक फार होते, कारण पट्टी दुसऱ्या विभागाकडे असते. ही ओळ मात्र रंजक करायला जाऊ नका, अर्थ काटेकोर ठेवा.

## ८. क्लायंटला दाखवताना

मान्यता देणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो हिंदीत उलट अनुवाद मागतो. नुसता उलट अनुवाद दिलात तर ‘बातें बाद में, पहले चाय’ वाचून तो म्हणेल, कोटी गेली, जुनीच ओळ ठेवा. म्हणून प्रत्येक बदललेल्या ओळीपुढे तीन गोष्टी द्या: शब्दशः अर्थ, ऐकणाऱ्याला काय कळतं, आणि जुनी मराठी ओळ का चालली नाही. आमच्या शेवटच्या ओळीपुढे लिहिलेलं असं होतं: ‘बोलणी म्हणजे लग्नाची बातचीत, आणि डाँटही. प्रसंगात पहिला अर्थ लागतो, दुसरा मागे ऐकू येतो. जुनी ओळ ऐकून वाचणारीला वाटलं आपण दुकानाचा रस्ता दाखवतोय.’

त्याआधी चार-पाच जणांना ऐकवून घ्या. सगळे पुण्या-मुंबईचे नकोत, नागपूर, कोल्हापूर, नांदेडकडचं कुणीतरी असू दे. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर छान म्हणतात. ऐकवा, दहा मिनिटं दुसरं बोला, मग विचारा, “काय म्हणत होती ती जाहिरात?” जे परत सांगता येतं तेवढंच पोचलं.

## ९. ध्वनिमुद्रणाला हजर राहा

संहिता बरोबर असून आवाजात बिघडते, विशेषतः निवेदक हिंदीतला असेल तेव्हा. ‘चहा’चा च आणि ‘चव’चा च वेगळा. पहिला ‘चंद्र’मधला, दुसरा ‘चमचा’मधला. हिंदीत दुसरा नाहीच, म्हणून ‘कडक चव’ परकी ऐकू येते. अशा अक्षरांखाली संहितेत आधीच रेघ मारून ठेवा. ‘बोलणी’तल्या ‘णी’चा ‘नी’ होतोय का तेही ऐका. आणि ‘नंतर’नंतर पूर्णविराम आहे, तिथे अर्धा श्वास थांबायला सांगा. निवेदक तो गिळून पुढे गेला तर दुसरा अर्थ ऐकू यायला जागाच उरत नाही.